आमच्या टीव्हीवर थोरले भाऊजी

आमच्या मोरव्याच्या घरात नवा टीव्ही आला तो माझ्या हट्टामुळे. जुन्या टीव्हीत माणसांचे चेहरे हिरवे दिसायचे आणि आमचे हे म्हणायचे, चालतंय की अजून. यांच्या मते बंद पडून धूर आल्याशिवाय कुठलीच वस्तू बिघडलेली नसते. शेवटी मी जेवणाच्या ऑर्डरी घेऊन साठवलेल्या पैशातून टीव्ही आणला आणि भिंतीवर चढवूनच यांना दाखवला.

खरं तर तो आईंसाठी होता. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, घराबाहेर जाणं बंद होतं, आणि बाहेर गेल्याशिवाय ज्या बाईला अन्न गोड लागत नाही तिला खुर्चीत बसवून ठेवायचं म्हणजे काय ते मलाच ठाऊक. दिवसभर माझ्या फोडणीवर देखरेख. मोहरी तडतडली न्हाय, हिंग कमी हाय, भाकरी करतेस की पापड लाटतेस. मी पण काही मुकी नाही. दुपारपर्यंत आमची दोनदा तरी जुंपायची आणि चहाला परत एकत्र.

आई आमच्या आगरी लोकांतल्या नावाजलेल्या धवलारीण. हळदीला, लग्नाला धवला, म्हणजे लग्नविधीचं पारंपरिक गाणं, म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. आमच्यात पूर्वी भटजीपेक्षा तिचा मान मोठा. तिला नुसता निरोप धाडून चालत नाही. घरचा कर्ता माणूस पान-सुपारीचा विडा घेऊन दारात येतो, मगच ती उठते. डोंगरीपासून काशीगावापर्यंत आईंना असे विडे आले. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला आणि मला रडू फुटलं. तोच आवाज हळद उतरायच्या आत ‘सूनबाई, भांडी कोन घासनार’ असं विचारायला लागला, ते सोडा.

तीन वर्षांपूर्वी थोरल्या भाऊजींच्या मुलीची हळद होती. थोरले भाऊजी म्हणजे यांचे मोठे भाऊ, आईंचा पहिला मुलगा, राहतात काशीगावला टॉवरमध्ये. सख्ख्या नातीची हळद, आई मांडवात बसून धवला म्हणत होत्या. डीजेवाला ताटकळला होता, पाहुणे घड्याळं बघत होते. भाऊजी आले, वाकले आणि म्हणाले, ‘आई, आता आवर ना, लोक खोळंबलेत.’ आणि हाताने डीजेला खूण केली. आई ओळीच्या मधेच थांबल्या. अर्धा धवला टाकून उठल्या. आमच्यात हे अशुभ मानतात, मांडवातल्या बायका चपापल्या. आई तशाच रिक्षात बसल्या आणि जाताना भाऊजींना म्हणाल्या की माझ्या दारात पाय ठेवू नकोस.

भाऊजींनी खरंच पाय ठेवला नाही. जाऊबाई यायच्या, मुलं यायची, ऑपरेशनच्या वेळी भाऊजी हॉस्पिटलच्या खाली पार्किंगमध्ये बसून होते म्हणे, पण वर आले नाहीत. जशी आई तसाच लेक. दोघांच्या मानेत एकाच सुताराने खिळे ठोकलेत असं मी यांना म्हणायचे. आता भाऊजींच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. आई त्या लग्नाबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या. पण बेल वाजली की मान दाराकडे वळायची, आणि कुरियरवाला दिसला की परत फिरायची. विडा येतो की नाही, एवढंच त्या खुर्चीत बसून बघत होत्या. हे न सांगता घरात सगळ्यांना कळत होतं आणि माझा तर जीव तुटायचा. भांडायला समोर बाई ताठ असली तर भांडण्यात मजा.

तर टीव्ही. त्यावरच्या व्हिडिओच्या ॲपला आपलं खातं जोडायचं होतं. माझी मुलगी पुण्याला नोकरी करते, ती जाहिराती येऊ नयेत म्हणून त्या ॲपला दरमहा पैसे भरते. ती फोनवर म्हणाली, माझंच खातं टीव्हीवर घाला म्हणजे आजीला मधेमधे साबणाच्या जाहिराती नकोत. पडद्यावर एक क्यूआर कोड आला. खाली लिहिलं होतं की फोनने हा स्कॅन करा, नाहीतर अमुक पत्त्यावर जाऊन हा अक्षरांचा कोड टाका.

आमचे हे पुढे सरसावले. आधी अक्षरं टाकायला बसले. चष्मा सापडेपर्यंत टीव्हीने कोड बदलला. मग यांनी ज्या ॲपने वाण्याला पैसे देतात तेच उघडून क्यूआरसमोर फोन धरला. फोन म्हणाला, हा क्यूआर वैध नाही. तेवढ्यात आई खुर्चीतून ओरडल्या, अरे त्याला पैशे नको देऊस. त्यांच्या मते चौकोनी ठिपके दिसले की समोरचा पैसे मागतोय, मग तो भाजीवाला असो की टीव्ही. ‘विकत घेतला ना एकदा? परत कशाला मागतो?’ असं त्यांनी टीव्हीला दरडावून विचारलं.

मुलगी हसून बेजार. ती म्हणाली, बाबा, काही करू नका, पडद्याचा फोटो काढून मला पाठवा, मी इथून स्कॅन करते, लांबून पण चालतं. यांनी फोटो काढला. पाठवला. आणि आम्ही तिघं टीव्हीकडे बघत बसलो.

थोड्या वेळाने पडदा हलला, गोल गोल फिरलं आणि वर कोपऱ्यात फोटो आला. काळा गॉगल, गळ्यात सोन्याची चेन, मागे गावदेवीच्या जत्रेतला पाळणा. थोरले भाऊजी!

मी यांच्या हातातून फोन ओढून घेतला. फोटो मुलीला गेलाच नव्हता, भावकीच्या ग्रुपवर गेला होता. खाली यांनी लिहिलं होतं, ‘लवकर स्कॅन कर.’ आता आमच्या भावकीच्या ग्रुपवर क्यूआर येतो तो फक्त एकाच कामासाठी, जत्रेची वर्गणी. आणि वर्गणीत थोरले भाऊजी नेहमी पहिले. बोलणार नाहीत, येणार नाहीत, पण क्यूआर पडला की पहिली पावती त्यांची. फोटोवर बोट दाबून धरलं असणार, लिंक उघडली असणार, आणि संमती देऊन मोकळे. मुलगी पुण्याहून कपाळ बडवत होती. असा कोड ग्रुपवर टाकायचा असतो का, म्हणाली, जो आधी स्कॅन करून हो म्हणेल त्याचं खातं टीव्हीवर चढतं. बरं झालं काकाच निघाले. आता साइन आउट करा आणि पुन्हा नवा कोड घ्या.

मी रिमोट उचलला. पण आई म्हणाल्या, ‘थांब.’

त्या पडद्याकडे टक लावून बघत होत्या. तिथे भाऊजी जे जे बघतात त्याचे चौकोन लागले होते. मी म्हटलं, आई, हे बरं नाही, दुसऱ्याच्या कपाटात डोकावल्यासारखं आहे. त्या म्हणाल्या, त्या कपाटाला मीच जन्म दिलाय. मी एकेक वाचून दाखवायला लागले. जाळं टाकून मासे पकडणारे. जुन्या गाड्यांची दुरुस्ती. मग गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचे व्यायाम. तेही एक नाही, चांगले पाच-सहा, आणि खाली लाल रेघ शेवटपर्यंत, म्हणजे पूर्ण बघितलेले.

आई म्हणाल्या, त्याचे गुडघे तर ठनठनीत हायत. हे उगाच खिडकीचा पडदा सारखा करायला उठले.

पुढच्या ओळीत धवले होते. कुठल्या कुठल्या गावच्या धवलारणींचे. मी एक लावला. आई ऐकायला लागल्या आणि बघता बघता त्यांच्या भुवया वर चढल्या. चाल चुकली, शब्द गाळले, ही कोण बाई, हिला कोणी शिकवलं? माझा लेक हे ऐकतो? मला हसू आवरेना. रडावं की हसावं अशी वेळ होती आणि धवलारणीचा अहंकार मधे येऊन त्याने निकाल लावला.

आईंनी माझ्या हातातून रिमोट घेतला. त्यावर माइकचं बटण होतं, ते कशासाठी हे मी सकाळीच त्यांना सांगितलं होतं की दाबून बोलायचं. बोलायचं एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं. वर कोपऱ्यात मुलाचा फोटो, हातात माइक, त्यांना वाटलं फोनसारखंच आहे. त्यांनी बटण दाबलं आणि गॉगलवाल्या फोटोकडे बघून खणखणीत म्हणाल्या, ‘मेल्या, ह्या बाईला धवला येत न्हाय.’

टीव्हीने ते बऱ्यापैकी लिहून घेतलं, शोधलं आणि कुठल्या तरी मेळ्यात हरवलेल्या बाईची बातमी काढून दिली. मी म्हटलं, आई, त्यांना ऐकू जात नाही, हे शोधायचं यंत्र आहे. त्या म्हणाल्या, जाऊ दे, माझं बोलून झालं.

संध्याकाळी मुलीला हे सांगितलं तर ती फोनवर किंचाळलीच. म्हणे एकच खातं असलं की इथे शोधलेलं तिथे पण दिसतं. काकांनी फोनवर शोधायला बोट लावलं की आजीने म्हटलेलं पहिल्या नंबरला येणार! शिवाय टीव्ही जोडल्याची सूचना पण त्यांच्या फोनवर गेली असणार, एका टिचकीत ते तो काढून टाकू शकतात. मी रात्रभर नाही म्हटलं तरी काळजीत. आधीच वैर, त्यात मेल्या. सकाळी उठून आधी टीव्ही लावला, गॉगल आहे का गेला बघायला. गॉगल होता.

दुपारचं जेवण उरकून आईंना काहीतरी लावून द्यावं म्हणून मी शोधायची खिडकी उघडली. तिथे आधी शोधलेल्याची यादी येते. दुसऱ्या नंबरला आईंची ‘मेल्या’वाली ओळ होती. तिच्या वर नवीन ओळ होती. ‘मग कोणाला येतो’

मी ते तीनदा वाचलं. आईंना वाचून दाखवलं. आईंनी पदर सावरला, जसं काही माणूसच दारात आला. मग रिमोट मागितला. बटण दाबून म्हणाल्या, तुला ठावं हाय.

त्यानंतर आमच्या घरी जे सुरू झालं त्याला काय नाव द्यावं मला कळत नाही. शोधत कोणी काहीच नव्हतं. आई रिमोटमध्ये बोलायच्या, टीव्ही त्याचं जमेल तसं मराठी करायचा आणि शेजारी भलतेसलते व्हिडिओ मांडायचा. जेवलास का म्हटलं तर जेवणाच्या थाळ्या. पाठीचं दुखणं कसं हाय म्हटलं तर पाठीच्या व्यायामाचे बाबा. दुसऱ्या दिवशी वर उत्तर. ‘जेवलो. बोंबील होते.’ ‘पाठ बरी आहे तू चालतेस का.’ आईंना वाचता येतं पण टीव्हीवरचं बारीक दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवायची. कधी टीव्हीने शब्दाची पार वाट लावलेली असायची, मग भाऊजींना कळलं नाही असं दिसलं की मी मधे पडून बटणांनी अक्षर अक्षर टाकून नीट लिहायची. एक ओळ टाकायला अर्धा तास. मी यांना म्हटलं, काशीगाव इथून रिक्षाने किती लांब आहे? भाऊजींना म्हणावं सरळ येऊन जा. हे म्हणाले, तू मधे पडू नकोस, दादा दुखावला तर टीव्ही काढून टाकेल. मी म्हटलं मी मधेच आहे, अक्षरं कोण टाकतंय?

आईंनी गुडघ्याचे व्यायाम मात्र सुरू केले. माझं डॉक्टरांचं सगळं सांगणं उडवून लावणारी बाई, आता भाऊजींनी पूर्ण बघितलेल्या व्हिडिओतलाच व्यायाम हवा. तो लावला की मोजून पाय उचलायच्या, आणि शेवटपर्यंत लाव म्हणायच्या, मधे बंद करू नकोस, त्याला दिसलं पाहिजे लाल रेघ.

एवढं सगळं झालं, पण लग्नाचा विषय दोघंही काढेनात. हळदीचा दिवस जवळ येत चालला. जाऊबाई घरच्यांची पत्रिका देऊन गेल्या, त्यात आईंचं नाव वर होतंच, पण पत्रिका म्हणजे विडा नव्हे. आई पुन्हा चिडचिड करायला लागल्या. माझ्या वरणात खोट काढली, मी उलट बोलले, त्यांनी ताट सरकवलं. एरवी मी पण तोंड फिरवलं असतं. त्या दिवशी नाही जमलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

मी टीव्ही लावला. यादीत वर नवीन ओळ होती. मी ती मोठ्याने वाचली.

‘आई हळदीला धवला म्हणशील का’

मला वाटलं आई आता लगेच हो म्हणतील, मीच रिमोट पुढे केला. त्यांनी तो घेतला, माइकचं बटण दाबलं आणि आयुष्यभर विडे घेतलेल्या बाईच्या आवाजात म्हणाल्या, ‘धवलारनीला इडा देतात. टीव्हीवर इचारत न्हाईत.’

टीव्हीने इडाचं इडली केलं. इडलीच्या पाककृती आल्या. मी बटणं दाबून ते नीट करायला बसले तर आई म्हणाल्या राहू दे, त्याला समजंल. मी मनात म्हटलं, झालं, आता गॉगल जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. मी पिठाच्या हाताने दार उघडलं. भाऊजी. धुतलेला सदरा, हातात स्टीलच्या ताटलीत विड्याची पानं, सुपारी, नारळ. गॉगल नव्हता. ते उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. मी म्हटलं आत या, तर मान हलवली. मग मला आठवलं, पाय ठेवू नकोस असं म्हटलेलं होतं.

आतून आईंनी विचारलं कोण आहे. मी म्हटलं, इडली आलीय. मला वेळकाळ कळत नाही असं हे नेहमी म्हणतात, आणि ते खरं आहे. पण भाऊजी हसले. आई भिंतीला धरून, माझा हात न घेता, दारापर्यंत चालत आल्या. व्यायाम कामी आले.

भाऊजींनी ताटली पुढे केली. ‘मला वाटलं वर्गणी आहे,’ ते म्हणाले. ‘मग फोननेच विचारलं, टीव्हीवर साइन इन करायचं का. तेव्हाच कळलं टीव्ही कोणाचा असणार ते. तरी दाबलं.’

आईंनी विडा घेतला. त्यांचा हात ताटलीवरून भाऊजींच्या मनगटावर गेला आणि तिथेच राहिला. ‘आत ये,’ एवढंच म्हणाल्या.

मी चहा टाकला. हे आंघोळीतून अर्धवट ओले बाहेर आले आणि भावाला बघून उगाच पंख्याचा वेग वाढवला. भाऊजींनी टीव्हीकडे बघितलं, वर कोपऱ्यात स्वतःचाच जत्रेतला फोटो. म्हणाले, माझं खातं काढतो आता, तुमचं तुम्ही घाला. आई म्हणाल्या, हात लावशील तर बघ.

मग खुर्चीत नीट बसल्या, विडा मांडीवर ठेवला, घसा साफ केला. मला वाटलं आता सुरुवातीपासून म्हणणार. नाही. त्या दिवशी मांडवात डीजेने तोडला होता बरोबर तिथून, त्या ओळीच्या मधल्या शब्दापासून उचलला आणि राहिलेला धवला पुरा केला. भाऊजी जमिनीवर त्यांच्या पायाशी बसले होते. कोणी आवर म्हटलं नाही. चहा उतू गेला, मी उठले नाही.

आईंच्या दुसऱ्या हातात रिमोट होता, आणि कधी तरी त्यांचा अंगठा माइकवर पडला होता. टीव्हीने सुरुवातीचे काही शब्द पकडले आणि त्याला समजलं तसं लिहून ठेवलं. त्याचा अर्थ काहीच लागत नाही. आज बरेच दिवस झाले, लग्न झालं, हळदीला धवला झाला, डीजे नंतर वाजला. भाऊजी आता रविवारी येतात आणि बोंबील मागतात. त्यांच्या फोनवर आणि आमच्या टीव्हीवर, शोधायची खिडकी उघडली की ती चुकीची ओळ अजून सगळ्यात वर येते. नवीन काही शोधलं की ती खाली सरकते, आणि सकाळी बघावं तर परत वर. भाऊजी रोज तीच ओळ शोधतात.